एकदा निगेटिव्ह आलं म्हणून हिवताप नाही, असं समजू नका

गडचिरोलीहून तेंदूपत्त्याची मजुरी करून आमचा एक गडी कारंजाला परतला अन् थंडी वाजून तापला. त्याच दिवशी किटवर तपासलं, काचपट्टीही काढली. दोन्ही निगेटिव्ह. साधा ताप म्हणून घरी धाडलं. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रक्त द्यायला लावलं, तर फाल्सिपेरम निघाला.

पहिली तपासणी खोटी नव्हती. बोटातला थेंबभर रक्तच तपासलं जातं. ताप नवा असला की त्या थेंबात जंतू दिसण्याइतके नसतात. त्यात फाल्सिपेरमचे वाढलेले जंतू आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटात येत नाहीत. एक-दोन दिवसांत नवी पिढी फुटली की मग सापडतात. या गड्यानं वाटेत क्लोरोक्विनच्या दोन गोळ्याही खाल्ल्या होत्या. अर्धवट औषधानंही जंतू दबतात, मरत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं, ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा काचपट्टी मागा, असं तीनदा. कुठून आलो, कोणती गोळी खाल्ली, तेही सांगा. ताप चढायची वाट बघत बसू नका, उतरलेला असतानाही रक्त देता येतं. मात्र ग्लानी, झटके किंवा काळी लघवी दिसली, तर रिपोर्टसाठी थांबू नका. थेट मोठा दवाखाना गाठा.