हिंगाचीही चिठ्ठी लावा
लंडनच्या मराठी कुटुंबांचा फराळ-रांगोळी मेळा दिवाळीआधीच्या शनिवारी भरतोय. स्टॉल मांडणाऱ्यांनी तळणीआधी चिठ्ठ्या लिहायला बसावं. ब्रिटनच्या कायद्यात ॲलर्जीचे १४ पदार्थ आहेत. चकलीतले तीळ, लाडवातले काजू, शंकरपाळ्यांतला मैदा त्यातच येतात. २०२१पासून आधीच बांधून ठेवलेल्या पुड्यांवर घटकांची पूर्ण यादी लागते, ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरांत. फसवतो तो हिंग. तांदळाच्या चकलीत गहू कुठला, असं वाटतं. पण डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. डबीमागचं वाचूनच लिहा. रांगोळी मात्र हॉलच्या लाकडी जमिनीवर नको, फटींत बसलेली पूड निघता निघत नाही (आणि अनामत रक्कम जाते). काळा जाड पुठ्ठा घरूनच आणा.