चौरस फुटाचा दर कुठे फसवतो

अनगोळात घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "चौरस फुटाला काय दर चाललाय?" दर कळला की क्षेत्रफळाशी गुणायचं आणि तो आकडा घेऊन बँकेत जायचं.

समजा, शेजाऱ्याचं तळमजला आणि वर एक मजला असं १६०० चौरस फुटांचं घर २८ लाख ८० हजारांत झालं. दर पडला १८०० रुपये. तुम्हाला सध्या फक्त खालचा मजला, ८०० चौरस फूट, बांधायचा आहे. या दराने १४ लाख ४० हजार होतात. पण शेजाऱ्याच्या खर्चातले पाच लाख पाया, टाकी आणि कंपाउंडचे आहेत असं धरू. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून तुमचं फुटिंगही तेवढंच मोठं लागणार, म्हणजे हे पाच लाख तसेच राहतात. उरलेल्या २३ लाख ८० हजारांचे निम्मे धरले तरी तुमचं घर १६ लाख ९० हजारांवर जातं. दर झाला २१०० च्या वर. ठेकेदार खोटं बोलला नाही, दर दुसऱ्या घराचा होता एवढंच.

शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज करणं ही तुलनेची पद्धत. प्लॉट घ्यावा की नाही, एवढं ठरवायला ती पुरते. मात्र दोन्ही घरं मजल्यांनी, मातीने आणि बांधकामाच्या वर्षाने जवळची हवीत. दर गुणिले क्षेत्रफळ ही दुसरी, पॅरामेट्रिक पद्धत. नकाशा ढोबळ ठरला, कर्जाचा आकडा हवा, तेव्हा ती वापरावी. पण पायाचा खर्च वेगळा काढून.

कारण शेताच्या बाजूची काळी माती. भिजली की ती फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे पाया खाली कठीण मुरुमापर्यंत न्यावा लागतो. दीड मीटर चौरसाचे बारा खड्डे एक मीटर जास्त खोल गेले, तर २७ घनमीटर खोदाई वाढते, शिवाय कॉलम लांबतात आणि भरावही वाढतो. घराचं क्षेत्रफळ मात्र इंचभरही वाढत नाही. प्लॉटवर आधी एक चाचणी खड्डा खणून बघितला तर हे कळतं.

तिसरी पद्धत खालून वर मोजण्याची. स्ट्रक्चरल ड्रॉइंग हातात आल्याशिवाय ती करूच नये. ८०० चौरस फुटांचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ९.३ घनमीटर काँक्रीट. एम-२० ला घनमीटरमागे आठ पोती धरली तर साधारण ७५ पोती सिमेंट लागतं. सळई घनमीटरला ८० किलो धरली तर साडेसातशे किलोच्या आसपास. बीम वेगळे. असं प्रत्येक कामाचं मोजायचं आणि करारावर सही त्यानंतर करायची. बिल आलं की कुठली बाब वाढली तेही यातूनच दिसतं.

या पद्धतीची खोड अशी की ड्रॉइंगमध्ये नाही ते यादीतही येत नाही. बोअरवेल, हेस्कॉमचं कनेक्शन, बांधकामाचं पाणी, सेंट्रिंग जास्त दिवस राहिलं तर त्याचं भाडं. म्हणून शेवटी बेरीज दराच्या अंदाजाशी ताडून बघावी. मोजून आलेला आकडा बराच कमी निघाला, तर स्वस्तात काम झालं म्हणून खूश होण्याआधी यादी पुन्हा वाचा.

— ओळंबा