लीज्ड लाइन घेताना नेमके काय विकत घ्यावे?

बेंगळुरूचे जयनगर ही मूळची आखीव निवासी वसाहत. चौथ्या ब्लॉकचा बाजार सोडला तर तिथला पुष्कळसा व्यवसाय घरांच्या तळमजल्यांवर चालतो. दवाखाने, सनदी लेखापालांची कार्यालये, इतर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार वाटून देणाऱ्या छोट्या संस्था अशा ग्राहकांना आज एक प्रश्न हमखास पडतो. साध्या ब्रॉडबँडवर भागवावे, की आठ-दहापट भाडे मोजून लीज्ड लाइन घ्यावी? हा निर्णय बहुधा वेगाचा आकडा पाहून घेतला जातो आणि माझ्या मते तिथेच गल्लत होते. लीज्ड लाइनच्या भाड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची किंमत असते: न वाटलेली क्षमता, स्थिर पत्ता आणि दुरुस्तीच्या वेळेची लेखी हमी. यांतील दुसरी वस्तू स्वतंत्रपणे मिळते, पहिलीची गरज अनेकांना नसते, आणि तिसरी कराराची भाषा नीट वाचल्याशिवाय पदरात पडत नाही.

प्रथम क्षमतेचा विचार करू. ब्रॉडबँडची क्षमता शेजाऱ्यांत वाटलेली असते. या वाटणीच्या प्रमाणाला कंटेन्शन रेशो म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2009 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी तीसास एक असे धरले होते. म्हणजे एकाच्या वाट्याची क्षमता कमाल पन्नास घरांना किंवा तीस कार्यालयांना विकावी. आज घरोघर आलेल्या ऑप्टिकल फायबरमध्येही वाटणी आहेच. प्रचलित जीपॉन पद्धतीत एका धाग्यातून सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट उतरतात आणि तो धागा अनेकदा बत्तीस ग्राहकांत फुटतो. सगळे एकाच वेळी पूर्ण वापर करू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अठ्ठ्याहत्तर मेगाबिट येतात, मग योजनेवर तीनशे का लिहिलेले असेना. लीज्ड लाइनमध्ये मात्र हे प्रमाण एकास एक असते, आणि पाठवण्याचा वेगही उतरवण्याच्या वेगाइतकाच असतो.

तरीही जयनगरसारख्या वस्तीत ही वाटणी सर्वांना सारखी जाचत नाही. घरांतील वापर रात्री आठ ते अकराच्या दरम्यान शिगेला पोहोचतो. सहा वाजता बंद होणाऱ्या कार्यालयाचे त्यात फारसे बिघडत नाही. संध्याकाळी रुग्ण तपासणाऱ्या आणि क्ष-किरणांच्या जड प्रतिमा पाठवणाऱ्या दवाखान्याचे बिघडते. आपल्याला कोणता त्रास आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. आठवडाभर सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता संगणक थेट तारेने जोडून वेग मोजावा आणि वहीत लिहावा. केवळ रात्रीचा आकडा घसरत असेल तर दोष वाटणीचा. तिन्ही वेळा सारखाच कमी असेल तर राउटर, वायफाय किंवा जोडणी तपासावी. असा दोष लीज्ड लाइन घेऊनही जाणार नाही.

दुसरी गोष्ट स्थिर पत्त्याची, आणि बँकेच्या ग्राहकांशी तिचा थेट संबंध आहे. एखाद्या संस्थेची संगणकप्रणाली बँकेच्या प्रणालीला थेट पेमेंटच्या सूचना धाडते, तेव्हा सुरक्षिततेसाठी बँक साधारणतः नोंदवलेल्या इंटरनेट पत्त्यावरूनच त्या स्वीकारते. साध्या ब्रॉडबँडवर हा पत्ता बदलत राहतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा आशिया खंडातील सर्वसाधारण साठा 2011 च्या एप्रिलमध्येच संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. पत्ता बदलला की सूचना नाकारली जाते. खात्यात पैसे असतात, लाइन चालू असते, आणि तरी पगार निघत नाही. मात्र एवढ्यासाठी लीज्ड लाइन घेण्याचे कारण नाही. व्यावसायिक ब्रॉडबँड योजनेवर स्थिर पत्ता बहुधा वेगळे, थोडे शुल्क भरून मिळतो.

उरली दुरुस्तीची हमी. लीज्ड लाइनचे खरे मोल इथेच आहे. 2006 च्या नियमांत ब्रॉडबँडच्या नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारी पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत दूर व्हाव्यात अशी अपेक्षा होती. 2024 साली त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. पण असे मोजमाप कंपनीच्या एकूण कामगिरीचे असते. आपली लाइन उरलेल्या दहा टक्क्यांत सापडली तर त्याचा आपल्याला आधार नसतो. लीज्ड लाइनचा करार मात्र आपल्याच लाइनविषयी बोलतो: चार तासांत दुरुस्ती, महिन्याला साडेनव्व्याण्णव टक्के उपलब्धता, असे काही. हा टक्का तासांत मांडून पाहावा. तीस दिवसांत 720 तास होतात आणि त्यांचा अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटे. एवढा वेळ लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही.

एक कल्पित हिशेब मांडू. बारा जणांचे एक कार्यालय सहाशे कामगारांचे पगार वाटते. स्थिर पत्त्यासह ब्रॉडबँडचे भाडे महिना 2,000 रुपये आणि लीज्ड लाइनचे 16,000 असे समजू. लाइन बंद पडल्यास बारा जणांचा तासाचा पगार, प्रत्येकी दोनशेप्रमाणे, 2,400 रुपये वाया जातो. भाड्यातील 14,000 चा फरक भरून निघण्यासाठी लीज्ड लाइनने दर महिन्याला सुमारे सहा तासांची खोळंबणूक वाचवायला हवी. ब्रॉडबँड इतका वेळ बंद राहत नसेल तर या हिशेबाने लीज्ड लाइन परवडत नाही. परंतु सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. महिनाअखेरच्या दुपारचे चार तास म्हणजे सहाशे घरांचे भाडे आणि किराणा. आणि करार मोडला तरी भरपाई बहुधा भाड्याच्या हिशेबानेच मिळते. 16,000 च्या लाइनचे एका दिवसाचे भाडे 533 रुपये होते. त्यातून बुडालेला दिवस परत येत नाही.

सही करण्यापूर्वी म्हणूनच तीन गोष्टी विचाराव्यात. दुरुस्तीचे घड्याळ तक्रार नोंदवल्यापासून सुरू होते की अभियंता येऊन दोष मान्य करतो तेव्हापासून? रात्री आणि रविवारी ते चालू राहते का? आणि रस्ता खोदताना तुटलेली तार हमीतून वगळलेली आहे का? शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. शहरात फायबर तुटण्याचे नेहमीचे कारण खोदकाम हेच असते, आणि तेच वगळले असेल तर हमी पोकळ ठरते.

माझे मत असे की, अशा बहुतेक छोट्या कार्यालयांनी प्रथम दोन वेगळ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड लाइन घ्याव्यात. त्या दोन वेगळ्या मार्गांनी इमारतीत येतात याची खात्री करावी. एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून आलेल्या दोन तारा एकाच वेळी तुटतात. एक बंद पडताच दुसरीवर जाणारा राउटर बसवावा. दोन्ही लाइनना स्थिर पत्ता घ्यावा आणि दोन्ही पत्ते बँकेकडे आधीच नोंदवावेत. अनेकजण दुसरी लाइन घेतात, पण तिचा पत्ता नोंदवायचे राहून जाते आणि ऐन वेळी चालू असलेल्या लाइनवरूनही पेमेंट नाकारले जाते. ही नोंदणी सुचवणे हे शाखेतील आपल्या सहकाऱ्यांचेही काम आहे. ग्राहक पहिला पत्ता नोंदवायला येईल, तेव्हाच दुसरा विचारावा.

एवढे करूनही ज्यांना रोज जड प्रतिमा पाठवायच्या आहेत, किंवा ज्यांच्या स्वतःच्या संगणकावर बाहेरून सतत कामे येतात, त्यांनी लीज्ड लाइन अवश्य घ्यावी. मात्र तिच्या जोडीलाही वेगळ्या मार्गाची एक साधी लाइन ठेवावी. चार तासांत दुरुस्तीची हमी पाळली गेली, तरी ते चार तास काम चालवावे लागतेच.