काउंटरमागे बसायला जागा मागताना

औषधाच्या दुकानात काउंटरमागे सहसा खुर्ची नसते. मालकासाठी गल्ल्याजवळ एखादी असते, पण औषध देणारा मुलगा सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत उभाच असतो. हे इतके अंगवळणी पडले आहे, की उभे राहणे हाच कामाचा भाग आहे असे सगळे धरून चालतात. डी. फार्मच्या दिव्यांग विद्यार्थ्याची अडचण इथूनच सुरू होते.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. ते किमान तीन महिन्यांत विभागलेले हवे आणि त्यातले किमान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात जायला हवेत. हे तास भरल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचा रस्ता खुला होत नाही. म्हणजे दोन वर्षे अभ्यास करून, परीक्षा उत्तीर्ण होऊनही एखाद्याची पदवीका केवळ उभे राहता येत नाही म्हणून अडू शकते.

समजा, तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचा एक विद्यार्थी आहे. जन्मापासून त्याच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठ आहेत. सेरेब्रल पाल्सीचा हा एक प्रकार. तो चालतो, एसटीने कॉलेजला जातो, हात आणि बुद्धी यांत काही उणे नाही. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या या गावातून नळदुर्गच्या एखाद्या मेडिकलमध्ये त्याला प्रशिक्षणासाठी जायचे आहे. त्याने नेमके काय मागावे?

आधी त्याच्या पायांचे काय होते ते पाहू. धडधाकट माणूस उभा राहतो तेव्हा गुडघा आणि कंबर सरळ होऊन शरीराचा भार बराचसा हाडांवर आणि सांध्यांवर तोलला जातो. स्नायूंना थोडेच काम पडते. या मुलाचे गुडघे किंचित वाकलेले राहतात, त्यामुळे मांडीचे स्नायू सतत आवळलेले असतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, तो लवकर थकतो, मग गोळे येतात. चालायलाही अशा मुलांना समवयस्कांच्या मानाने कितीतरी जास्त, अनेकदा दुपटीच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे स्टँडवर एसटीची वाट पाहत तो उभा राहिला, की त्याच्या दिवसाच्या हिशेबातली काही ताकद दुकानात पोचण्याआधीच खर्च झालेली असते. ‘इतका चालत येतो, मग उभा का राहू शकत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर यातले काहीच लिहिलेले नसते. तिथे टक्केवारी असते. टक्केवारी सवलतीसाठी लागते. माणूस किती वेळ उभा राहू शकतो हे तिच्यातून कळत नाही. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच स्पष्ट केले. बोलण्यातल्या दोषाची टक्केवारी चाळीसच्या वर आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासा, असे न्यायालयाने सांगितले. त्याच्या उलट बाजूची गोष्ट २०२१ ची. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि चाळीस टक्क्यांची अट पुरी होत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. टक्केवारी कमी असली तरी वाजवी सोय मागता येते, असा निकाल तेव्हा लागला.

म्हणून जळकोटच्या मुलाने प्रमाणपत्राच्या जोडीला फिजिओथेरपिस्टकडून किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडून चार ओळींची चिठ्ठी घ्यावी. तीत आजाराचा इतिहास नको, कामाची भाषा हवी: सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू नये, दर तासाला पाय ताणायला पाच मिनिटे लागतात, शिडीवर चढू नये, बसून दोन्ही हातांनी सर्व काम करता येते. वीस मिनिटे हा आकडा इथे उदाहरणापुरता आहे. ज्याचा त्याचा वेगळा निघेल. दुकानातल्या प्रत्येकाला आजाराचे नाव सांगण्याची गरजही मग उरत नाही.

आता खुर्चीविषयी. ‘खुर्ची द्या’ एवढेच म्हटले तर प्लॅस्टिकची खुर्ची मिळते आणि घोटाळा तिथेच होतो. मेडिकलचे काउंटर साधारण ३६ ते ४२ इंच उंच असते. त्यामागे घरगुती खुर्चीवर बसलेला मुलगा गिऱ्हाइकाला दिसतही नाही. दोन दिवसांनी मालक सहज म्हणतो, ‘तू आत बस, बिलं आणि स्टॉक रजिस्टर बघ.’ मुलगा आराम मिळाला म्हणून खूश होतो. महिना जातो आणि चिठ्ठीवरून औषध देण्याच्या २५० तासांतला एकही तास भरलेला नसतो. सोय मिळाली, शिक्षण गेले. अशी सहानुभूती उघड नकारापेक्षा महागात पडते, कारण नकार निदान त्याच दिवशी कळतो.

मागायचे ते उंच स्टूल. बैठक काउंटरच्या पृष्ठभागापेक्षा दहा-बारा इंच खाली, पाठीला टेकण, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली आडवी दांडी, आणि चाके नकोत. उंच स्टुलावर चढणेच जड जात असेल तर काउंटरच्या कडेला तीस इंचांचे छोटे टेबल आणि साधी खुर्ची; तिथे पेशंटलाही बसवून गोळ्या कधी घ्यायच्या ते नीट सांगता येते. खरे तर ही दुसरी सोय प्रत्येक मेडिकलमध्ये असायला हवी, पण तो विषय वेगळा. जास्त खपाची औषधे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या कप्प्यांत आणली, की निम्म्या फेऱ्या वाचतात. वरच्या फळीवरचा खोका दुसऱ्याने काढून द्यावा. चिठ्ठी वाचणे, औषध आणि मात्रा पडताळणे, मुदत पाहणे, समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे. शिडी चढणे हे नव्हे.

जास्त वेळेची मागणी मात्र परीक्षेसारखी करता येत नाही. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे वाढीव मिळतात. काउंटरवर ताप आलेले मूल घेऊन आई उभी असते. तिथे वेळ वाढतो तो दिवसांच्या हिशेबात. पाचशे तास रोज आठ तासांनी ६३ दिवसांत भरतात, पण नियमाला तीन महिने हवेच असल्याने रोज साडेसहा तासही पुरतात. रोज पाच तास केले तर १०० दिवस, म्हणजे आठवड्याची एक सुटी धरून सुमारे चार महिने. नियमात तीन महिन्यांची किमान मर्यादा आहे, तेव्हा चार महिने घेणे ही मेहरबानी नव्हे. संध्याकाळच्या गर्दीत त्याच्याकडे पडताळणीचे आणि समजावण्याचे काम द्यावे, दुपारच्या निवांत वेळी पूर्ण चिठ्ठी त्याने एकट्याने हाताळावी, अर्थात नोंदणीकृत फार्मासिस्टच्या नजरेखाली. अचूकतेत मात्र सूट मागू नये आणि कोणी देऊही नये.

हे सगळे मागायचे कोणाकडे, यावर बहुतेकांची चूक होते. विद्यार्थी थेट दुकानदारापुढे उभा राहतो, आणि तो दुकानदार बहुधा वडिलांच्या ओळखीतला असतो. भिडेपोटी मागणी अर्धी होते, ‘चालतंय काका’ म्हणून संपते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची व्याख्या आहे, पण प्रशिक्षणार्थी त्यात अवघड जागी सापडतो. सरकारी आस्थापनेने सोय द्यावी हे कलम कर्मचाऱ्यांविषयी आहे. तो कर्मचारी नाही. दोन नोकरांच्या खासगी मेडिकलवर कायद्याची पकड सैलच. अवाजवी भार पडेल अशी सोय कायदाही मागत नाही. त्या मुलासाठी दुकानाने सगळे काउंटर तोडून नवे बांधावे असे म्हणता येणार नाही. पण तो विद्यार्थी आहे, आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने गरजेनुसार वाजवी सोय पुरवायची हे याच कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे. प्रशिक्षण हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, दुकानदाराचा नव्हे. तेव्हा मागणी प्राचार्यांकडे करायची आणि दुकानाला पत्र कॉलेजने द्यायचे. बहुतेक कॉलेजे प्रशिक्षणाचे छापील पत्र हातात देऊन मोकळी होतात. त्याच पत्रात चार ओळी वाढवायला त्यांना काही जड नाही.

विद्यार्थ्याचा अर्ज असा असावा: ‘मला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही, फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी सोबत जोडली आहे. प्रशिक्षणाच्या ठिकाणी काउंटरच्या उंचीचे टेकणाचे स्टूल, रोज पाच तासांप्रमाणे १०० दिवस आणि सकाळी साडेदहाची वेळ मिळावी. चिठ्ठीवरून औषध देण्याचे २५० तास मी याच काउंटरवर पूर्ण करीन. कृपया प्रशिक्षणाच्या पत्रात याचा उल्लेख करावा.’ पोच घ्यावी. स्टुलाचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. २०१७ च्या नियमांत तसे सांगितले आहे. तरीही कोणी स्वतःहून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टूल करून आणले तर त्यात कमीपणा नाही, फक्त ती अट होऊ नये.

ठरले ते चालले आहे का, हे दोन खुणांवरून कळते. पहिली पायांची: संध्याकाळचे दुखणे रात्रीच्या झोपेनंतर ओसरले तर भार झेपतो आहे, सकाळी उठतानाही तेच दुखणे असेल तर तास किंवा उभे राहणे कमी करायला हवे. दुसरी वहीची: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, रोज पाच तासांनी, ९० तास झालेले असतात. त्यातले निम्मे, म्हणजे ४५ तरी, चिठ्ठीवरचे हवेत. दहा-पंधराच असतील तर मुलगा आतल्या खोलीत बसवला गेला आहे असे समजावे आणि कॉलेजच्या शिक्षकांनी दुकानात एक फेरी मारावी.

कॉलेजनेच हात वर केले तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रशिक्षणाचे तीन-चार महिने उलटून जाऊ शकतात. त्यामुळे अर्ज अंतिम परीक्षेच्या आधी, दुकान ठरायच्या वेळीच पडलेला बरा; एक दुकान नाही म्हणाले तर दुसरे शोधायला तेव्हा हातात दिवस असतात.