दारातला नकार कुणाच्या खिशातून जातो?

निलंग्यात आणि आसपासच्या गावांत आता अनेक घरांतून छोटी विक्री चालते. कुणी अबाया आणि नमाजचा दुपट्टा शिवते, कुणी लहान मुलांचे कुर्ते, कुणी घरचा मसाला आणि लोणचे पाठवते. मोबाइलवर फोटो टाकायचा, गिऱ्हाईक पत्ता पाठवते, कुरिअरवाला पार्सल घेऊन जातो आणि पैसे गिऱ्हाइकाच्या दारात मिळतात. घराबाहेर दुकान थाटण्याची ऐपत नसलेल्या भगिनींना या व्यवहाराने मोठी वाट करून दिली आहे. पण याच व्यवहारात एक भोक आहे आणि त्यातून कमाई गळते. पार्सल दारात येते, गिऱ्हाईक "नको" म्हणते आणि कुरिअरवाला ते परत नेतो. या एका शब्दाची किंमत कोण भरतो, याचा हिशेब आम्ही या वेळी मांडत आहोत.

हा प्रकार नवा नाही. टपाल खात्याने 1877 सालीच व्ही.पी.ची सोय सुरू केली होती. पोस्टमन पार्सल आणायचा, पैसे घ्यायचा आणि टपाल खाते ते पैसे पाठवणाऱ्याला पोचते करायचे. जुन्या मराठी मासिकांच्या व पुस्तकांच्या जाहिरातींत "व्ही.पी. परत करू नये" अशी विनंती असायची, ती उगाच नव्हती. परत आलेल्या व्ही.पी.चा टपालखर्च प्रकाशकाच्याच माथी बसत असे. आज पोस्टमनच्या जागी कुरिअरचा मुलगा आहे आणि व्ही.पी.च्या जागी 'कॅश ऑन डिलिव्हरी' आहे. पण परतीचा भुर्दंड आजही पाठवणाऱ्याच्याच नावावर पडतो.

आता हिशेब पाहू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकीने त्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. समजा एका भगिनीने घरपोच 900 रुपयांना अबाया विकायला ठेवला. कापड, लेस आणि बटणे यांना 420 रुपये लागले. शिलाई 180 रुपये. ती स्वतः शिवत असली तरी ही मजुरी धरलीच पाहिजे, नाहीतर फायदा कुठून आला तेच कळत नाही. पिशवी आणि चिकटपट्टी 10 रुपये, जाण्याचे कुरिअर 85 रुपये आणि दारात पैसे गोळा करण्याचे कुरिअरचे शुल्क 40 रुपये. एकूण 735 रुपये झाले. अबाया गिऱ्हाइकाने घेतला तर हातात 165 रुपये राहतात.

हाच अबाया दारातून परत आला तर? जाण्याचे 85 रुपये गेले. परत येण्याचे भाडे कुरिअर वेगळे लावते, ते 75 रुपये धरू. पैसे गोळा करण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी परत मिळते, कारण पैसे गोळाच झाले नाहीत. पण फाटलेली पिशवी, नवी पिशवी आणि इस्त्री यांचे 20 रुपये जातात. म्हणजे एका नकाराला 180 रुपये पडले. एका विक्रीचा नफा 165 आणि एका नकाराचे नुकसान 180! एक पार्सल परत आले की एक चांगली विक्री पुसली जाते आणि वर पदरचे 15 रुपये जातात.

महिन्याला अशा 20 ऑर्डरी आल्या आणि त्यांतल्या सहा परत आल्या असे धरा. चौदा विक्रींचे 2,310 रुपये मिळाले, सहा नकारांचे 1,080 रुपये गेले, उरले 1,230. दहा परत आल्या तर 1,650 मिळाले आणि 1,800 गेले, म्हणजे महिनाभर शिवून वर 150 रुपये घरातून घालावे लागले. गंमत अशी की वहीत दोन्ही महिन्यांत "20 ऑर्डरी" हेच लिहिलेले दिसते. म्हणून किती ऑर्डरी आल्या हे न मोजता, किती पार्सले गिऱ्हाइकाच्या घरात राहिली हे मोजावे.

पैशाइतकाच मोठा प्रश्न वेळेचा आहे. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात निघालेले पार्सल गिऱ्हाइकाच्या गावी पोचायला चार-सहा दिवस घेते. तिथे नकार मिळाला की त्याची परतवारी सावकाश सुरू होते. निलंग्याचा माल रस्त्यानेच येतो-जातो आणि परतीच्या पार्सलाची घाई कुणालाच नसते. ते दारात येईपर्यंत ईद होऊन गेलेली असते. सहा अबाया परत आल्या म्हणजे कापड आणि शिलाई मिळून 3,600 रुपये अडकले. ईदपूर्वी 900 ला जाणारी वस्तू ईदनंतर त्या भावात कुणी मागत नाही. कापड उधारीवर आणले असेल तर दुकानदाराचा तगादा मात्र थांबत नाही.

लोक नकार का देतात? फसवण्याच्या हेतूने ऑर्डर देणारे थोडे असतात. बहुतेक नकार घरातल्या साध्या गोष्टींतून येतात. रात्री मोबाइल पाहता पाहता मुलीने ऑर्डर दिली, दुपारी पार्सल आले तेव्हा ती कॉलेजात आणि दारात आजी. आजी म्हणते, "आमच्याकडून कुणी काही मागवलं नाही." कधी घरात बाई एकटी असते आणि जवळ 900 रुपये रोख नसतात. कधी पार्सलाला उशीर झाला आणि मधल्या काळात लातूरच्या बाजारातून दुसरा अबाया घेतला गेला. कधी गल्लीचे नाव आहे पण खूण नाही, म्हणून घर सापडत नाही.

आणखी एक प्रकार विक्रेत्याने ओळखायला शिकले पाहिजे. कुरिअरच्या नोंदीत "ग्राहकाने नाकारले" किंवा "ग्राहक घरी नाही" असे येते, पण कुणी दारात गेलेलेच नसते. दिवसाची फेरी पुरी झाली नाही की अशी नोंद टाकली जाते. ओळखायचे कसे? नोंद आल्या दिवशीच गिऱ्हाइकाला फोन करावा. "कुणी आलंच नाही, फोनही नाही" असे उत्तर आले तर त्याच दिवशी कुरिअरकडे पुन्हा पाठवण्याची मागणी नोंदवावी आणि गिऱ्हाइकाचा संदेश पुरावा म्हणून जोडावा. साधारणपणे तीन वेळा प्रयत्न होतो आणि मग पार्सल आपोआप परतीच्या वाटेला लागते. विक्रेत्याला उत्तर द्यायला बहुधा एखादा दिवसच मिळतो. दोन दिवसांनी पाहिले तर वेळ निघून गेलेली असते.

यावर उपाय काय? पहिला उपाय फुकटचा आहे. ऑर्डर आल्यावर लगेच पार्सल बांधू नये. दुसऱ्या दिवशी फोन करून सगळे वाचून दाखवावे: लांबी 54 की 56 इंच, रंग कोणता, घराजवळची खूण काय, रक्कम किती, आणि पार्सल येईल तेव्हा घरी कोण असेल. रात्रीच्या भरात दिलेली ऑर्डर या फोनवरच गळून पडते. ती गळाली म्हणून वाईट वाटून घेऊ नये, कारण तिने 180 रुपये वाचवले. फोन तीनदा करूनही उचलला जात नसेल, तर दारही उघडले जाईल याचा भरवसा नाही. असे पार्सल पाठवू नये.

दुसरा उपाय थोडी आगाऊ रक्कम घेण्याचा. 100 रुपये आधी मोबाइलवरून घ्यावेत आणि बाकीचे 800 दारात. अनेकींना भीती वाटते की याने गिऱ्हाईक तुटेल. काही तुटेल, हे खरे. वरच्या 20 ऑर्डरींतल्या सहा तुटल्या आणि 14 उरल्या असे धरू. त्यांतल्या 13 घेतल्या गेल्या, एक परत आली. तेराचे 2,145 मिळाले, परत आलेल्या एकीचे 180 मधून आगाऊचे 100 वजा जाऊन 80 रुपये गेले. उरले 2,065. ऑर्डरी कमी झाल्या तरी हातातला पैसा 1,230 वरून इतका वाढला. मात्र नियम आधीच स्पष्ट सांगितला पाहिजे: विनाकारण नाकारले तर हे 100 रुपये परत मिळणार नाहीत, पण वस्तू चुकीची, खराब किंवा फार उशिरा आली तर पूर्ण पैसे परत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही.

परत आलेले पार्सल घेताना ते उघडण्यापूर्वीच मोबाइलवर चित्रीकरण सुरू करावे. पिशवी फाटलेली आहे का, आत आपलाच अबाया आहे का, हे त्यात दिसले पाहिजे. तक्रारीची मुदत थोडी असते आणि चित्रीकरण नसेल तर तक्रार टिकत नाही.

आता गिऱ्हाइकाची बाजू. अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवायला लोक कचरतात, त्यात त्यांचा दोष नाही. पैसे घेऊन फोन बंद करणारेही याच मोबाइलवर आहेत. दारात पैसे देण्याची सोय या अविश्वासातूनच टिकून आहे. शिवाय न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर ठेवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराला हनफी फिकहनेही दिला आहे. त्याला 'खियार-ए-रुयत' म्हणतात. पण हा अधिकार वस्तू पाहिल्यानंतरचा आहे. दारातला नकार बहुतेक वेळा न उघडलेल्या पार्सलाला असतो. वस्तू पाहिलीच नाही, तर नापसंत काय केले?

मन बदलणे हा गुन्हा नाही. फरक पडतो तो "नाही" केव्हा म्हटले याने. पार्सल बांधण्यापूर्वी म्हटलेल्या "नाही"ला विक्रेत्याचा एक पैसाही जात नाही. तेच "नाही" दारात म्हटले तर 180 रुपये जातात आणि ते कुठल्या तरी घरातल्या शिलाई मशीनवरून जातात. म्हणून घरात मोबाइलवरून काही मागवले असेल तर तेवढे तीन शब्द सगळ्यांच्या कानावर घालावेत: काय मागवले, किती रुपयांचे, कधी येणार. रक्कम आजीजवळ किंवा कपाटात काढून ठेवावी. आणि मन बदलले तर विक्रेत्याला त्याच दिवशी संदेश टाकावा. पार्सल निघाले असेल तरी टाकावा. वाटेतून लवकर वळले तर निदान अबाया ईदपूर्वी दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढेल.