माती परीक्षण प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक शून्यापासून

कृषी विज्ञान केंद्रांत आणि संशोधन केंद्रांच्या लहान विभागांत वार्षिक अंदाजपत्रक बहुधा एकाच पद्धतीने तयार होते. मागील वर्षाचा तक्ता समोर ठेवला जातो, प्रत्येक बाबीत दहा टक्के वाढ धरली जाते आणि बेरीज वर पाठवली जाते. शून्याधारित अंदाजपत्रक ही पद्धत याच्या उलट चालते. मागील आकडा येथे पुरावा ठरत नाही. प्रत्येक खर्चाला आपले कारण पहिल्यापासून सांगावे लागते. (शून्य खर्च नैसर्गिक शेतीशी या नावाचा काही संबंध नाही, एवढे स्पष्ट केलेले बरे, कारण गल्लत वारंवार होते.)

अमेरिकेत पीटर पीर यांनी १९६९ च्या सुमारास एका कंपनीत ही पद्धत घडवली. भारतात १९८० च्या दशकात केंद्र सरकारने आणि महाराष्ट्र शासनानेही तिचा अवलंब केला. मोठ्या खात्यांत ती फारशी रुजली नाही. माझे मत असे, की तिची खरी जागा लहान विभागात आहे. मात्र तेथे ती रुपयांच्या रकान्यातून सुरू न करता कामाच्या परिमाणातून सुरू केली पाहिजे. माती परीक्षण प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊन हे पाहू.

समजा, एका प्रयोगशाळेला येत्या वर्षी १,५०० नमुने तपासायचे आहेत. सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढला जातो. एक ग्रॅम मातीस एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मि.लि. द्रावण आणि २० मि.लि. संहत सल्फ्युरिक आम्ल लागते. उरलेल्या डायक्रोमेटचे अनुमापन अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने होते. कोरी चाचणी, प्रमाण नमुने आणि फेरतपासणी यांसाठी दहा टक्के अधिक धरले, तर चाचण्या १,६५० होतात.

आता हिशेब सरळ आहे. आम्ल ३३ लिटर, म्हणजे अडीच लिटरच्या १४ बाटल्या. डायक्रोमेटचे द्रावण साडेसोळा लिटर; लिटरला सुमारे ४९ ग्रॅम या दराने ८१० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या दोन बाटल्या. फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण कर्ब कमी असलेल्या मातीत प्रत्येक चाचणीस १८ मि.लि.च्या आसपास लागते. एकूण सुमारे ३० लिटर झाले. लिटरला १९६ ग्रॅम धरले तर जवळजवळ सहा किलो, म्हणजे १२ बाटल्या.

समजा, मागील वर्षीच्या यादीत डायक्रोमेटच्या पाच आणि फेरस अमोनियम सल्फेटच्या सहा बाटल्या होत्या. दहा टक्के वाढवले, तरी चूक आहे त्याच प्रमाणात पुढे जाते. डायक्रोमेट कपाटात साठत राहते आणि दुसरे रसायन ऐन मे महिन्यात संपते. त्यातही फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण हवेत ऑक्सिडीकरणाने कमजोर होते. ते ताजे करून त्याचे सामर्थ्य रोज तपासावे लागते. तुटवड्याच्या दिवसांत जुनेच द्रावण वापरले गेले, तर कर्बाचे आकडे बिघडतात आणि तेच आकडे खताच्या शिफारशीत उतरतात. खरीपाचे नमुने मुख्यतः एप्रिल-मेमध्ये येतात. अहवाल पेरणीनंतर हाती पडला, तर तपासणीचा खर्च पूर्ण झालेला असतो, पण पायाभूत खत देण्याची वेळ निघून गेलेली असते. बेरजेच्या रकान्यात यातले काहीच दिसत नाही.

परिमाण ठरल्यावर निर्णय-संच करावयाचे. प्रत्येक संच म्हणजे एक स्वतंत्र काम. ते कोणासाठी, किती, किती खर्चात आणि न केल्यास काय होईल, हे त्यात अर्ध्या पानात लिहावे. आपल्या प्रयोगशाळेचे तीन संच होतील. पहिला किमान पातळीचा: सामू, क्षारता, कर्ब, स्फुरद आणि पालाश यांची तपासणी, ८०० नमुन्यांपुरती. दुसरा, हीच तपासणी उरलेल्या ७०० नमुन्यांसाठी. तिसरा, जस्त, लोह, मँगेनीज, तांबे या सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी. हे तीनही प्राधान्यक्रमाने लावून मंजूर रकमेपाशी रेघ मारायची. किमान संच आजच्या कामापेक्षा खरोखर कमी असला पाहिजे. अनेक ठिकाणी आजचेच काम किमान म्हणून दाखवले जाते आणि मग सारा खटाटोप नावापुरता उरतो.

तिसऱ्या संचाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याच्यामागे अणुशोषण वर्णपटमापकाचा देखभाल करार, प्रत्येक मूलद्रव्याचे दिवे आणि अ‍ॅसिटिलीनचे सिलिंडर येतात. जुन्या तक्त्यात हे खर्च तीन वेगळ्या ओळींत विखुरलेले असतात, त्यामुळे ते एकाच निर्णयाचे आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. संचात ते एकत्र दिसतात आणि मग खरा प्रश्न विचारता येतो: नमुने थोडे असतील, तर ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे स्वस्त पडेल का? उत्तर नेहमी होकारार्थी येईल असे नाही. तेथील रांग, वाहतूक आणि बंद पडून राहणारे यंत्र हेही हिशेबात घ्यावे लागते. पण देखभालीची ओळ वेगळी कापून यंत्र मात्र चालू राहील अशी अपेक्षा ठेवणे, हा सर्वांत महाग पर्याय होय.

या पद्धतीच्या मर्यादा कृषी क्षेत्रातच आधी दिसल्या. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६४ च्या वित्तवर्षासाठी संपूर्ण अंदाजपत्रक शून्यापासून मांडून पाहिले. कष्ट अपार झाले, निर्णय मात्र फारसे बदलले नाहीत. कायद्याने बांधलेल्या खर्चांचेही समर्थन मागण्यात आले होते. आपल्याकडे वेतन, वीज, इमारत यांबाबत तसेच होईल. म्हणून लहान विभागाने दरवर्षी एकच काम शून्यापासून तपासावे: यंदा माती परीक्षण, पुढील वर्षी आद्यरेषीय प्रात्यक्षिके, त्यानंतर शेतकरी प्रशिक्षण. तीन-चार माणसांच्या विभागाला याहून अधिक झेपत नाही.

खरा अडथळा मात्र वेगळा आहे. ज्याने डायक्रोमेटच्या तीन बाटल्या वाचवल्या, त्याची रक्कम वर्षअखेर परत जाणार असेल, तर पुढच्या वेळी तो पाचच मागेल. मार्चमधली घाईची खरेदी याच भीतीतून होते, आणि सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ अशा घाईला आर्थिक औचित्याचा भंग मानतात. तेव्हा केंद्रप्रमुखांनी बचत त्याच विभागाच्या पुढल्या संचाकडे वळवण्याची तयारी आधीच सांगितली पाहिजे, आणि पुनर्विनियोजनास ज्यांची मंजुरी लागते त्यांच्याकडे प्रस्ताव डिसेंबरपूर्वी गेला पाहिजे. हे नसेल, तर पद्धत सुरूच करू नये असे मी म्हणेन. कपातीचे साधन म्हणून ती आली, की कर्मचारी प्रत्येक संचावर ‘अत्यावश्यक’ असे लिहू लागतात. एखाद्या विभागाचे सर्व संच अत्यावश्यक दिसले, किंवा सर्व बाबी मागील आकड्याच्या जवळपासच आल्या, तर काम जुन्याच तक्त्यावरून झाले आहे असे खुशाल समजावे.

कृषी विज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीवर शेतकरी सदस्यही असतात. बैठकीत खर्चाचा तक्ता समोर आल्यावर त्यांनी एकच विचारणा करावी: या वर्षी तपासलेल्या नमुन्यांपैकी किती शेतकऱ्यांना अहवाल पेरणीपूर्वी मिळाला? हा आकडा प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून निघतो. नमुना स्वीकारल्याची तारीख आणि अहवाल दिल्याची तारीख, एवढ्या दोनच रकान्यांची त्याला गरज असते. पुढच्या वर्षीचा किमान संच ८०० नमुन्यांचा असावा की ६०० चा, हे त्यावरून ठरवता येते.