राजीनामा त्यांचा, सही तुमची

गेल्या महिन्यात पिंपरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला तरुण माझ्या ऑफिसात आला. क्वालिटी तपासणीत सहा वर्षं आठ महिने काढलेला. शुक्रवारी चारच्या सुमारास त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील कागद तयार, फक्त नाव आणि तारीख रिकामी: 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' पेनही झाकण काढून ठेवलेलं. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, रेकॉर्ड स्वच्छ राहील. दीड लाख देतोय, सगळी देणी धरून." त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. लाईन बंद होणार होती, एवढंच. सोमवारपर्यंत विचार करतो म्हणून तो उठला, हे त्याने सगळ्यांत शहाणपणाचं केलं.

आम्ही हिशोब मांडला. हातात महिना बावन्न हजार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000. ग्रॅच्युइटी काढताना या रकमेला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 15,000. सहा महिन्यांवरचे आठ महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षांचे 1,05,000. पाच वर्षं भरली की ही रक्कम राजीनामा दिला तरी मिळते. ती कंपनीची मेहेरबानी नव्हे. दीड लाखातून ती वजा केली की उरतात पंचेचाळीस हजार, आणि शिल्लक रजेचे पैसेही त्यातच घुसवलेले.

आता दुसरी बाजू. हीच गोष्ट कंपनीने कामगार कपात म्हणून केली असती, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे 26,000, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 13,000 गुणिले सात, 91,000. एकूण 1,17,000, ग्रॅच्युइटी वेगळी. एका सहीची किंमत बहात्तर हजार! स्वेच्छेने गेलेल्याला कपातीची भरपाई नाही, म्हणून तर 'स्वेच्छेने' हा शब्द त्या कागदावर इतक्या प्रेमाने छापलेला असतो. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. राजीनामे गोळा केले की तीही कटकट टळते.

हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला आहे, मॅनेजरला नाही. मात्र ते पदनामावर ठरत नाही, रोजच्या कामावर ठरतं. 'असिस्टंट मॅनेजर' अशी पाटी लावून दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. खरा मॅनेजर असाल तर नेमणूकपत्रातला नोटीसचा काळ हेच तुमचं मुख्य भांडवल.

राजीनामा कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल आणि तो खरा असेल, तर चौकशी होऊन बडतर्फ होण्यापेक्षा शांतपणे बाहेर पडणं फायद्याचं. पुढच्या नोकरीत जुन्या कंपनीकडे विचारणा होतेच. पण आरोपच नसेल, तर 'रेकॉर्ड खराब होईल' ही धमकी पोकळ. कपातीत गेलेल्याचं रेकॉर्ड खराब होत नाही.

जायचंच ठरलं तर 'वैयक्तिक कारणास्तव' खोडून 'कंपनीच्या सांगण्यावरून' लिहायला सांगा. कारण जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा बाँड बहुधा स्वतःहून सोडणाऱ्याकडूनच वसूल करतात, आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी काढलेल्या नोकरी गेल्याच्या विम्यात राजीनामा सहसा बसत नाही. 'यापुढे माझा कोणताही दावा नाही' हे वाक्य असेल तर रक्कम आकड्यात आणि पैसे देण्याची तारीख त्याच कागदावर हवी. तोंडी 'बघू' चालत नाही.

दबावाने सही झालीच, तर त्याच दिवशी ईमेल करा: कोणी बोलावलं, किती वाजता, काय सांगितलं. दोन महिन्यांनी, पैसे खर्च झाल्यावर केलेली तक्रार कोर्टात लंगडी पडते. राजीनामा लागू होण्याआधी साधारणपणे मागेही घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका जुन्या कर्मचाऱ्याने तो मागे घेतला होता. राजीनामा मंजूर केल्याचं पत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नव्हतं, म्हणून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं.

आमच्या तरुणाने सोमवारी हिशोबाचा कागद नेला. दोन बैठका झाल्या. ग्रॅच्युइटी आणि रजा वेगळी ठेवून वर एक लाख दहा हजारांवर गाडी थांबली. पुरते एक लाख सतरा मिळाले नाहीत, कोर्टाची वाट बघायची त्याची तयारी नव्हती. पैसे मात्र सहीच्या दिवशीच खात्यात आले.